मलपृष्ठासमोर बसताना

पुस्तक हातात घ्या आणि पालथं करून समोर ठेवा. पेन अजून उचलू नका. मलपृष्ठावरचा मजकूर नव्याने लिहायचा आहे, पण लिहिण्याचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात थोडा वेळ घेतं. त्याआधी बराच वेळ नुसतं बसावं लागतं. ते बसणं इथे आपण सोबतीने करू.

एखादी कादंबरी समोर असल्याशिवाय हे जमणार नाही, म्हणून मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतो. ती १९५५ साली पुस्तकरूपाने आली, १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला, आणि इतक्या वर्षांत तिच्या किती आवृत्त्यांना किती वेगवेगळी मलपृष्ठं लाभली असतील, त्या हिशेबात आपण शिरत नाही. समजा, नवी आवृत्ती निघते आहे आणि मजकूर आपल्याकडे आला आहे. ही कादंबरी निवडण्याचं कारण साधं आहे. तिच्यात खून नाही, गुपित नाही, शेवटच्या पानावर उघडणारी पेटी नाही. त्यामुळे ‘कथानक फोडायचं नाही’ म्हणजे नेमकं काय फोडायचं नाही, हा प्रश्न तिच्यासमोर बसल्यावर खरोखर विचार करायला लावतो. तुमच्यापैकी काहींनी ती वाचली नसेल. त्यांच्यासाठी एक आश्वासन: तिचा शेवट या लेखातही येणार नाही.

आता जुना मजकूर पुढ्यात घ्यायचा. तो मी बनवलेला आहे, पण अनोळखी वाटणार नाही:

‘ग्रामीण जीवनाचे दाहक वास्तव मांडणारी आणि वाचकाला अंतर्मुख करणारी एक अजरामर कलाकृती! एका ध्येयवेड्या तरुण शिक्षकाने मागासलेल्या धनगरवस्तीच्या उद्धारासाठी दिलेल्या लढ्याची ही हृदयस्पर्शी कहाणी. अज्ञान आणि दारिद्र्य यांच्याशी झुंजताना त्याला कोणकोणत्या संकटांना तोंड द्यावे लागते? कारभारी, अंजी, आनंदा रामोशी, आयबू, शेकू, जगन्या अशा अविस्मरणीय व्यक्तिरेखांमधून मानवी नात्यांचे विविध कंगोरे उलगडत जातात. प्रत्येकाच्या संग्रही असायलाच हवी अशी कादंबरी.’

शेवटून दुसरं म्हणून यात आणखी एक वाक्य होतं. वाडीचं पुढे काय होतं, ते त्यात सरळ सांगितलं होतं. ते मी इथे उतरवलेलं नाही.

हा मजकूर मोठ्याने वाचा, सावकाश. घाईत वाचला तर तो चांगला वाटतो, हीच त्याची खुबी आहे. प्रत्येक वाक्यानंतर थांबून एकच विचारायचं: हे वाक्य उचलून दुसऱ्या कादंबरीच्या पाठीवर चिकटवलं, तर कुणाच्या लक्षात येईल का? पहिलं वाक्य शंभर पुस्तकांवर चालेल. ‘मानवी नात्यांचे विविध कंगोरे’ तर स्वयंपाकाच्या पुस्तकाखेरीज कुठेही चालेल. ‘अंतर्मुख करणारी’ हा वाचकावर झालेल्या परिणामाचा दाखला आहे, आणि परिणाम होण्याआधीच तो कसा देणार? ही वाक्यं खोटी नाहीत. ती रिकामी आहेत, आणि मलपृष्ठावर रिकाम्या वाक्याला जागेचं भाडं पडतं. डेमी आकाराच्या पुस्तकाची पाठ साडेपाच इंच बाय साडेआठ इंच. खालच्या कोपऱ्यात आयएसबीएनचा बारकोड, शेजारी किंमत, प्रकाशकाचं चिन्ह, कधी लेखकाचा फोटो. उरलेल्या जागेत डोळ्यांना त्रास न होता मराठीचे शंभर-सव्वाशे शब्द बसतात. त्यातले वीस शब्द कुठल्याही पुस्तकाला लागू पडणारे असले, तर जागेचा सहावा हिस्सा गेला. (पुस्तक पालथं करणारा माणूस बहुतेक वेळा आधी किंमत बघतो, हे आपण मजकूर लिहिणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. किंमत बघून झाल्यावर नजर वर येते. आपली वेळ ती.)

रिकामी वाक्यं गेली. आता उरलेल्यांकडे बघा, कारण खरा त्रास तिथे आहे. ‘ध्येयवेड्या तरुण शिक्षकाने उद्धारासाठी दिलेला लढा.’ हे वाक्य रिकामं नाही, दुसऱ्या पुस्तकाला सहज लागूही पडत नाही. पण ते चुकीचं आहे. चूक तपशिलाची नाही, शिक्षक आहे, तो तरुण आहे, धनगरांची वस्ती आहे. चूक त्या तपशिलाच्या रोखात आहे. कादंबरीतला मास्तर ध्येय घेऊन आलेला नाही, नेमणुकीचा हुकूम घेऊन आला आहे. पोटाला नोकरी हवी होती, ती मिळाली आणि तीही कुठल्या कुठे आडरानात, अशा मनाने तो चालत वाडीवर येतो. वाडीलाही आपण ‘मागासलेले’ आहोत आणि कुणीतरी येऊन आपला उद्धार करावा, असं मुळीच वाटत नसतं. माणसं आपल्या मेंढरांत, आपल्या रीतीत पुरती गुंतलेली आहेत. माडगूळकर कुठेही मास्तरला उंचावर उभा करून वाडीकडे खाली बघत नाहीत. उलट पानामागून पान वाचताना असं जाणवत राहतं की शिकण्याचं काम जास्त करून मास्तरच करतो आहे.

इथे थोडं रेंगाळू या. ‘लढा’ या शब्दाने कोण पुस्तक उचलेल? डोळे मिटून तो माणूस आठवा. त्याला हवा आहे एकट्याने उभा राहिलेला नायक, त्याला विरोध करणारं गाव, मध्यावर पराभवाची छाया आणि शेवटी उजाडणारी शाळा. अशा गोष्टी असतात आणि त्या आवडणं गैर नाही. पण हा वाचक ‘बनगरवाडी’ घरी घेऊन गेला तर पन्नासाव्या पानावर त्याला प्रश्न पडेल की लढा सुरू कधी होणार. शंभराव्या पानावर तो पुस्तक ठेवून देईल आणि चार जणांना सांगेल, ‘काही घडतच नाही.’ पुस्तक तेच, वाचकही सुज्ञ, पण दोघांची गाठ घालून देणाऱ्याने एकाला दुसऱ्याबद्दल भलतंच सांगितलेलं. हे नुकसान विक्रीच्या आकड्यात लगेच दिसत नाही, उलट विक्री झालेलीच दिसते. ते दिसतं ते पुस्तकाच्या तोंडी कीर्तीत.

म्हणून आता दुसरा वाचक मनात आणा. ‘मराठी वाचक’, ‘तरुण पिढी’ असा घोळका नको. एकच माणूस. इटलीतल्या आदेल्फी प्रकाशनाचे रोबेर्तो कालास्सो यांनी आपल्या संस्थेच्या हजारावर पुस्तकांचे वेष्टणावरचे मजकूर स्वतः लिहिले. त्यातले शंभर निवडून २००३ साली त्यांनी पुस्तक काढलं आणि त्याला नाव दिलं ‘अनोळखी माणसाला शंभर पत्रं’. मला या नावातला एकवचनी अनोळखी माणूस महत्त्वाचा वाटतो. पत्र घोळक्याला लिहिता येत नाही.

‘बनगरवाडी’चा तो अनोळखी माणूस कोण? माझ्या डोळ्यांसमोर येते ती बस थांब्यावर किंवा बँकेच्या रांगेत पुढच्या दोघांचं बोलणं कान देऊन ऐकणारी व्यक्ती. तिला माणसं बघायला आवडतात. कोण कुणाशी कसं बोलतो, कोण कुणाला मान देतो, कुणाच्या शब्दाला वजन आहे, हे तिला कथानकापेक्षा आधी दिसतं. ती खेड्यातली असेल किंवा दादर, मडगाव, न्यू जर्सीतली. तिला माणदेश माहीत असण्याची गरज नाही. तिला घाई नाही, हे मात्र गरजेचं. या माणसाला पुस्तक हातात धरून ठेवावंसं वाटलं पाहिजे आणि आधीच्या, लढा हवा असलेल्या माणसाला तिसऱ्या ओळीपर्यंत कळलं पाहिजे की हे आपलं नव्हे. चांगला मजकूर काही जणांना परत पाठवतो. प्रकाशकाला हे ऐकायला आवडत नाही, पण चुकीच्या हातातून सुटलेली प्रत योग्य हाताची वाट बघत मांडणीवर राहते, यात त्याचाही तोटा नाही.

वाचक ठरला. आता कादंबरी उघडा आणि पहिला चतुर्थांश हळूहळू चाळा. वाचायचं नाही, वाचून झालेलीच आहे. बघायचं एवढंच की पाव पुस्तक संपतं त्या जागी वाचकाला काय काय ठाऊक झालेलं असतं. मास्तरचं वाडीवर येणं. शाळा असून नसल्यासारखी. मुलं मेंढरांमागे रानात. गावावर कारभारी नावाच्या म्हाताऱ्याचा शब्द चालतो आणि त्याने मनावर घेतल्याशिवाय काही हलत नाही. मग हळूहळू मास्तरकडे येणारी माणसं, त्यांची कामं. एवढं सगळं आपलं आहे, बिनधास्त वापरायचं. त्या जागी पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढा. तिच्या पलीकडचं काही उचलायचं झालं, तर प्रत्येक वेळी स्वतःला कारण द्यावं लागेल.

रेघेच्या पलीकडे काय काय मोह आहेत ते बघू. वाडीत तालीम बांधण्याची कल्पना मास्तरच्या डोक्यात येते. ती सांगावी का? सांगितली तर मजकुराला पटकन आकार येतो: एक माणूस, एक इमारत, होईल की नाही? पण हा आकार कादंबरीचा नाही, आपल्या सोयीचा आहे. तालीम हा वाडीच्या आयुष्यातला एक हंगाम आहे. तिला मलपृष्ठावर चढवलं की सगळी कादंबरी तालमीची होते, आणि त्याआधीची निम्मी पानं वाचक इमारतीच्या प्रतीक्षेत घालवतो. मी ती बाहेर ठेवतो. दुसऱ्या कुणी आत घेतली तर त्याच्याशी भांडणार नाही. फक्त ती पुरी होते की नाही, हे तरी त्याने गिळावं.

दुसरा मोह जास्त अवघड आहे. नांगरटीच्या दिवसांतला शेकू आणि त्याच्या बायकोचा एक प्रसंग या कादंबरीत आहे. ज्यांनी वाचली आहे त्यांना एवढं पुरेल, कारण तो विसरता येत नाही. मजकूर लिहिणाऱ्याचा हात नेमका त्याच्याकडे जातो. प्रसंग छोटा आहे, दोन वाक्यांत सांगता येतो, आणि तो सांगितल्याने कथानक फुटत नाही, कारण पुढच्या घटना त्यावर टांगलेल्या नाहीत. मग काय हरकत? हरकत ही की कथानकासारखंच दृश्यही फुटतं. तो प्रसंग वाचताना जे होतं ते मास्तरबरोबर सहज चालत जाऊन अचानक ते समोर बघितल्यामुळे होतं. मलपृष्ठावर वाचलेला माणूस त्या पानाची वाट बघत येईल, आल्यावर ‘हां, तो हाच’ म्हणेल आणि पुढे जाईल. शिवाय पाठीवर चढलेलं ते दृश्य सगळ्या पुस्तकाला दारिद्र्याचं पुस्तक करून टाकतं. या पुस्तकात हसू येणाऱ्या जागा कितीतरी आहेत. जी जागा तुम्हाला स्वतःला सगळ्यात आवडली ती मलपृष्ठावर न नेणं, हा या कामातला बहुधा सर्वांत कठीण भाग. लेखक स्वतः आपला मजकूर लिहितो तेव्हा तो इथेच घसरतो, आवडती जागा त्याला दाखवायचीच असते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे शेवट, जुन्या मजकुरातलं ते काढलेलं वाक्य. त्याने नेमकं काय बिघडतं, याचा शांतपणे विचार करा. ‘बनगरवाडी’चा शेवट हा धक्का नाही. माणदेश माहीत असलेल्या कुणालाही तो अशक्य वाटणार नाही. तरी तो आधी कळला की मागची सगळी पानं बदलतात. वाडीतली रोजची कामं, कोंबडं आरवणं, मेंढरं सुटणं, चावडीतली बसण्याची जागा, हे सगळं कादंबरीत स्वतःसाठी आहे. शेवट ठाऊक असलेला वाचक त्यातल्या प्रत्येक गोष्टीकडे ‘याचं पुढे काय होणार’ या नजरेने बघतो. मास्तरला मात्र तेव्हा काहीच ठाऊक नसतं. वाचकाला मास्तरपेक्षा जास्त कळलं की दोघांची सोबत सुटते. म्हणजे गुपित नसलेल्या कादंबरीतही सांभाळायचं असतं ते वाचकाचं आणि पात्राचं एकाच वेळी अजाण असणं. मघाशी पेन्सिलीने ओढलेली रेघ त्यासाठी आहे.

गुपित असलेल्या कादंबरीत हीच गोष्ट जास्त कडक होते. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ १९२६ची. तिच्या पाठीवर खून झाला हे सांगता येतं, ते नावातच आहे. गाव सांगता येतं, निवृत्त होऊन तिथे राहायला आलेला प्वारो सांगता येतो. पण ‘थक्क करणारा शेवट’ एवढे तीन शब्दसुद्धा तिथे नकोत. कलाटणी आहे असं सांगितलं की वाचक पहिल्या पानापासून सगळ्यांवर, ज्यांच्यावर संशय घेणं त्याला एरवी सुचलंच नसतं त्यांच्यावरही, नजर ठेवायला लागतो. काय आहे हे न सांगता काहीतरी आहे एवढंच सांगणं, हेही फोडणंच. प्रसिद्ध माणसाच्या अभिप्रायातून हे फार वेळा निसटतं. अभिप्राय देणाऱ्याने शेवट वाचलेला असतो आणि त्याचं आश्चर्य त्याच्या विशेषणांत उतरलेलं असतं.

परत वाडीवर येऊ. आता पेन उचला, पण आधी एकच गोष्ट ठरवा: ही कादंबरी वाचकाला कुठल्या प्रश्नावर उभं करते? ‘संकटांना तोंड द्यावे लागते?’ हा प्रश्न नव्हे, त्याचं उत्तर ‘हो’ असणार हे शाळकरी पोरही सांगेल. मला सापडलेला प्रश्न असा: बाहेरून आलेला माणूस एखाद्या गावाला आपलं कधी वाटतो, आणि तसं वाटलं असं समजण्यात त्याची चूक होते का? हा प्रश्न पहिल्या चतुर्थांशात रुजतो आणि शेवटपर्यंत जिवंत राहतो. पण तो असाच्या असा मलपृष्ठावर लिहायचा नाही. प्रश्नचिन्ह घालून विचारलेला प्रश्न परीक्षेतला वाटतो. तो मजकुराच्या तळाशी ठेवायचा आणि वर फक्त माणसं आणि कामं दिसू द्यायची.

पहिला खर्डा मी असा करतो: ‘राजाराम हा तरुण शिक्षक औंध संस्थानातल्या बनगरवाडी या छोट्याशा गावी रुजू होतो.’ वाचून बघा. खरं आहे, नीट आहे, आणि सरकारी बातमीसारखं आहे. नाव पुढे आल्याने वाचक राजारामच्या मागे लागतो, वाडी पत्त्यापुरती उरते. कादंबरीचं नाव वाडीचं आहे, मास्तरचं नाही, हे लेखकाने उगाच केलेलं नसणार. तेव्हा वाडी आधी. आणि वाडीत कुणाच्या तोंडी ‘राजाराम’ नाही, तिथे तो मास्तरच. म्हणून नाव जातं. बाकीची नावंही गेली: कारभारी तेवढा राहतो, तेही पदाने. सहा नावांची यादी वाचकाला सहा अनोळखी माणसांच्या रांगेसमोर उभी करते, आणि कुणाचा चेहरा दिसत नाही. लेखकाच्या घरच्यांना किंवा संपादकाला एखादं पात्र वगळल्याचं वाईट वाटेल. ते सोसावं.

दुसऱ्या खर्ड्यात वाडी पुढे येते, पण ‘निसर्गरम्य’ असं काहीतरी हाताने आपोआप लिहिलेलं असतं. माणदेश निसर्गरम्य नाही. ते खोडा. त्याजागी दुसरं विशेषण लिहाल, तर तेही खोडा. जागेला विशेषणच नको, ती कुठे आहे आणि तिथे कोण राहतं एवढं पुरे. क्रियापदं वर्तमानकाळात ठेवा. ‘आला, बघितला, वाटला’ अशी भूतकाळात ठेवली की सगळं होऊन गेल्यासारखं वाटतं आणि दार बंद होतं. वाक्यांची चाल कादंबरीची असावी. माडगूळकर आवाज चढवत नाहीत, तेव्हा उद्गारचिन्ह एकही नको. वेगवान कादंबरीचा मजकूर तुटक वाक्यांत धावू शकतो. इथे धावला तर पुन्हा तोच भलता वाचक जमेल. मजकुराची गती हीच वाचकाची चाळणी आहे, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

बराच वेळ बसून, खोडून, परत बसून मजकूर असा होतो:

‘माणदेशात, औंध संस्थानच्या मुलखात, मोठ्या वाटेपासून बाजूला धनगरांची एक लहान वाडी आहे. तिथल्या नावापुरत्या शाळेवर एका पोरसवदा मास्तरची नेमणूक होते. तो पोचतो तेव्हा मुलं मेंढरांमागे रानात गेलेली असतात, आणि शाळेवाचून कुणाचं काही अडलेलं नसतं. वाडीत शब्द चालतो तो म्हाताऱ्या कारभाऱ्याचा, आणि मास्तरला तिथे नांदायचं तर आधी त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. मुलं शाळेत यायला लागतात, तशी मोठी माणसंही येऊ लागतात: कुणाला कागद वाचून हवा असतो, कुणाला तालुक्याहून काही आणून, कुणाला भांडणात दोन शब्द. दिवस जातात. वाडी आपली झाली, असं मास्तरला वाटू लागतं. वाडीला काय वाटतं, ते मात्र ती सहजी सांगत नाही.’

शंभराच्या आतबाहेर शब्द झाले. यात रेघेपलीकडचं काही नाही. लढा नाही, उद्धार नाही. शेवटच्या दोन वाक्यांत तो तळाचा प्रश्न आहे, पण प्रश्नचिन्हाशिवाय. ‘सहजी’ या शब्दावर मी थांबलो होतो. आधी तिथे ‘कधीच’ होतं. ते जास्त ठसकेबाज होतं, पण ते आश्वासन कादंबरी पाळत नाही. वाडी कधीतरी, आपल्या पद्धतीने सांगते. मजकुरातल्या ठसक्यासाठी पुस्तकाला खोटं पाडायचं नाही.

आता हा मजकूर दोन माणसांना द्या, एकाच वेळी नाही. पहिला कादंबरी न वाचलेला. त्याला ‘आवडलं का?’ विचारू नका, तो हो म्हणेल. विचारा, ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ तो म्हणाला, ‘मास्तर गाव सुधारणार,’ तर मजकुरात अजून कुठेतरी नायक दडलेला आहे. तो बहुधा कर्त्याच्या जागी असतो: मास्तर आणतो, मास्तर शिकवतो, मास्तर मिटवतो. वरच्या मजकुरात म्हणूनच मोठी माणसं स्वतःहून येतात, मास्तर त्यांना गोळा करत नाही. तो म्हणाला, ‘मास्तरचं आणि गावाचं काहीतरी बिनसेल,’ तर ठीक आहे, एवढी चाहूल प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला असतेच. पण त्याने खरा शेवट ओळखला तर शब्द न् शब्द तपासा. एखादं विशेषण खोडायचं राहून गेलं असेल.

दुसरा माणूस कादंबरी वाचलेला. त्याला एवढंच विचारायचं, ‘यात खोटं काय आहे?’ चांगलं काय आहे ते नको. वाचलेला माणूस पुस्तकावर हक्क सांगतो, ‘अंजी कुठाय? आनंदा कुठाय?’ असं म्हणेल. ती तक्रार ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची. पण तो म्हणाला, ‘इतकी शांत नाहीये ती, तिच्यात मौजही आहे,’ तर कान टवकारा, कारण हे रोखाबद्दल आहे. माझ्या मजकुरात ही उणीव आहे असं मलाही वाटतं. ‘शाळेवाचून कुणाचं काही अडलेलं नसतं’ यात थोडं हसू आहे, पण थोडंच. ‘भांडणात दोन शब्द’च्या जागी एखादं खरोखर गमतीचं काम घालता येईल, कादंबरीत अशी कामं आहेत. पहिल्या चतुर्थांशातलंच निवडा.

उरतात बाहेरच्या गोष्टी. चित्रपटाचा उल्लेख हवा, आवृत्ती कितवी ते हवं, लेखकाचा परिचय हवा, असं प्रकाशक म्हणेल. ते सगळं मजकुराच्या खाली, वेगळ्या टायपात, किंवा आतल्या पानावर. मजकुराच्या वर काही ठेवू देऊ नका. ऑनलाइन दुकानात तर फक्त पहिली दोन-तीन वाक्यं दिसतात आणि बाकीचं दडलेलं असतं. तिथे वर पुरस्कारांची यादी आली तर वाडी दिसतच नाही.

छपाईला जाण्याआधी मलपृष्ठ खऱ्या आकारात छापून घ्या आणि हात लांब करून धरा, उभा माणूस प्रदर्शनात धरतो तितक्या अंतरावर. बारकोडने शेवटच्या ओळीला कोपऱ्यात दाबलं असेल, तर मांडणी करणारा म्हणेल, ‘एक ओळ कमी करा.’ तो शेवटची ओळ सुचवेल, कारण अडचण तिथे दिसते. ती देऊ नका. ‘औंध संस्थानच्या मुलखात’ काढा, माणदेशाने भागतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर ‘दिवस जातात’ काढा. तरीही जागा कमी पडली, तर टाइप अर्धा पॉइंट लहान करायला सांगा आणि कारभाऱ्याला हात लावू नका.